कांदा काढणीचा निरोप

उन्हाळी कांद्याच्या निम्म्याहून अधिक माना पडल्या की मजुरांच्या गटाला निरोप जातो, “माणसं पाठवा, रोज नेहमीचाच.” एवढ्यावर टोळी येते आणि पहिल्याच दिवशी वाद होतो.

कांद्याचं काम दोन टप्प्यांचं असतं. उपटलेला कांदा पातीखाली झाकून तीन-चार दिवस शेतात सुकवतात, मग दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापतात. म्हणून तारखा दोन सांगा. मधले दिवस न सांगितल्यास टोळी दुसरीकडे जाते आणि अवकाळी पाऊस आला तर उघड्यावरचा कांदा भिजून सडतो.

निरोप असा द्यावा: “दीड एकर कांदा. उपटणी 2 आणि 3 एप्रिल, पात कापणी 7 ते 9 एप्रिल. दहा माणसं हवीत. रोज 400 रुपये, बाई-गड्याला सारखाच, संध्याकाळी रोख. सकाळी 7 ते दुपारी 3. चहा आणि दुपारचं जेवण आमच्याकडे. जीप सहाला पाराजवळ येईल, परत सोडेल, भाडं आमचं.”

400 हा केवळ नमुना. आकडा आपल्या भागातला घाला. जेवण देणार नसाल तर “भाकरी घरून” असं स्पष्ट सांगा. माणसं ट्रॉलीत बसवू नका, ती मालासाठी असते. आणि उक्तं काम द्यायचं असेल तर एकरी दरात पात कापणी धरली आहे का, तेही आधीच बोलून घ्या.