हिपॅटायटिस बी : एका कुटुंबाचे चार अहवाल



रक्तदानानंतर ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह’ असा निरोप आलेला एक तरुण पत्नी व मुलासह आमच्याकडे आला. प्रश्न एकच होता : आजार ताजा की जुना?

त्या एका अहवालावरून उत्तर देणे शक्य नव्हते. विषाणूच्या आवरणाचे प्रथिन, म्हणजे एचबीएसएजी, रक्तात आढळले की संसर्ग आहे एवढेच कळते. म्हणून आम्ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे तपासली. त्यांतील आयजीएम हा प्रकार ताज्या संसर्गात दिसतो; तो नव्हता, एकूण प्रतिपिंडे मात्र होती. जुन्या संसर्गाने उचल खाल्ली तरीही आयजीएम कधीकधी दिसतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी कायम राहिले, तेव्हा संसर्ग दीर्घकालीन असल्याचे निश्चित झाले.

पत्नी व मुलगा यांच्या रक्तात एचबीएसएजी नव्हते आणि आवरणाविरुद्धची संरक्षक प्रतिपिंडे दोघांतही होती. वरवर पाहता दोन्ही अहवाल सारखेच! परंतु मुलाच्या रक्तात गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती. लशीत केवळ आवरणाचे प्रथिन असते, गाभा नसतो. म्हणजे त्याचे संरक्षण लशीचे. पत्नीच्या रक्तात मात्र तीही आढळली. त्यांना नकळत संसर्ग होऊन त्या बऱ्या झाल्या होत्या. त्यांना लशीची आवश्यकता नव्हती. तथापि यकृतात विषाणूचा सुप्त अंश उरतो. पुढे कधी केमोथेरपी घ्यावी लागल्यास हा अहवाल प्रथम दाखवावा, असे आम्ही त्यांच्या कागदावर लिहून दिले.