सोळाव्या आठवड्यातील भरलेली पेटी

(मानवत येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दादर येथे ‘टोरेस’ नावाच्या दागिन्यांच्या पेढीसमोर शेकडो माणसे जमली. त्यांत भाजीविक्रेते होते, छोटे दुकानदार होते आणि नोकरदारही होते. पेढी उघडून जेमतेम अकरा महिने झाले होते. मॉइसनाइट नावाच्या चमकदार खड्याच्या खरेदीवर गुंतवलेल्या रकमेच्या सहा टक्के दर आठवड्याला, असे बावन्न आठवडे मिळतील, असे आश्वासन तेथे दिले जात होते. अखेरच्या काळात हा दर अकरा टक्क्यांपर्यंत चढवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. डिसेंबर संपता संपता हप्ते थांबले आणि पेढीला टाळे लागले.

या घटनेची चर्चा बहुधा दोनच शब्दांत संपते. लोक लोभी होते आणि चालक लबाड होते. हा निष्कर्ष सोपा आहे, परंतु अपुरा आहे. चालक लबाड नसता तर योजना टिकली असती, असा समज त्यातून मागे राहतो. तो समज खोटा आहे, हे कागद-पेन्सिलीने सिद्ध करता येते.

समजा, मानवतमध्ये दिवाळीच्या सुमारास, कापसाचे पैसे हाती येऊ लागताच, अशी एक योजना सुरू झाली. प्रत्येक सभासद दहा हजार रुपये भरतो आणि पुढच्या आठवड्यापासून त्याला दर आठवड्यास सहाशे रुपये मिळतात. सभासद आणणाऱ्या एजंटाला हजार रुपये कमिशन आहे. दर आठवड्याला शंभर नवे सभासद येतात. चालक एक पैसाही खात नाही, असेही धरू. मात्र पैसा कोणत्याही उत्पादक धंद्यात लागलेला नाही. तो एका पेटीत ठेवला आहे.

दर आठवड्याला कमिशन वजा जाता पेटीत नऊ लाख पडतात. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या शंभरांना मिळून साठ हजार द्यावे लागतात, तिसऱ्यात एक लाख वीस हजार, चौथ्यात एक लाख ऐंशी हजार. येणारी रक्कम ठरलेली आहे, जाणारी रक्कम मात्र दर आठवड्याला साठ हजारांनी वाढते. सोळाव्या आठवड्यात आवक नऊ लाख आणि जावकही नऊ लाख होते. त्या वेळी पेटीत ७२ लाख रुपये असतात.

हा क्षण नीट पाहावा. महाशिवरात्रीचा सुमार आहे. एकही हप्ता चुकलेला नाही. पहिल्या शंभरांना पुढच्याच दोन आठवड्यांत दिलेल्या दहा हजारांहून अधिक परत मिळणार आहे. ‘माझे पैसे सुटले, आता येईल तो नफा’ असे ते बाजारात, पारावर, सोयऱ्यांत सांगू लागतात, आणि त्यात एक अक्षरही खोटे नसते. योजनेचा खरा प्रचारक पगारी एजंट नसून हा संतुष्ट सभासद असतो. विश्वासाची आणि पेटीची भरती एकाच वेळी येते. म्हणूनच पळून जायचेच असेल, तर चालक नेमका याच सुमारास पळतो.

आपला काल्पनिक चालक प्रामाणिक आहे. तो थांबतो. सतराव्या आठवड्यापासून जावक आवकीपेक्षा मोठी होते आणि पेटी उतरू लागते. बाहेर कोणालाही ते दिसत नाही, कारण हप्ता तर वेळेवर मिळतो आहे. एकतिसाव्या आठवड्यात पेटीत शून्य उरते. बत्तिसाव्यात नऊ लाख येतात, द्यायचे असतात अठरा लाख साठ हजार. दिवाळीपासून एकतीस आठवडे मोजले, तर तारीख मृग नक्षत्राच्या आसपास पडते. बियाणे-खताला पैसा लागतो त्याच आठवड्यात दार बंद मिळते.

आता हिशेब मिटवू. एकूण ३,१०० सभासद आणि ३ कोटी १० लाखांच्या ठेवी. त्यांतील २ कोटी ७९ लाख हप्त्यांच्या रूपाने सभासदांनाच परत गेले आणि ३१ लाख कमिशनात गेले. पहिल्या चौदा आठवड्यांतील १,४०० जण मुद्दल वसूल करून फायद्यात राहिले. नंतरचे १,७०० जण तोट्यात गेले. फायदा ५७ लाख ४० हजारांचा, तोटा ८८ लाख ४० हजारांचा. मधला फरक म्हणजे कमिशनच. नवी संपत्ती एका रुपयाचीही निर्माण झाली नाही. उशिरा आलेल्यांचा पैसा आधी आलेल्यांकडे सरकला. आणि उशिरा कोण येते? ज्याच्यापर्यंत बातमी शेवटी पोहोचते, ज्याला शेजाऱ्याचा अनुभव पाहून धीर येतो, तो सालगडी आणि ती शेतमजूर बाई.

यावर कोणी म्हणेल की, सभासद वाढते ठेवले तर? वाढ किती हवी, तेही गणित सांगते. या दराने पेटी रिकामी होऊ द्यायची नसेल, तर नव्या सभासदांची संख्या साधारण दर अकरा आठवड्यांनी दुप्पट व्हावी लागते. शंभरांपासून निघालेला हा आकडा दोन वर्षांच्या थोडे पुढे आठवड्याला एक लाखावर जातो आणि सव्वातीन वर्षांच्या आत बत्तीस लाखांवर. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार होती. दर कमी ठेवला, किंवा सभासदांनी हप्ते न उचलता पुन्हा गुंतवले, तर अंत लांबतो. पण पुन्हा गुंतवलेला प्रत्येक हप्ता हे नवे देणे असते, म्हणून लांबलेला अंत अधिक मोठा असतो.

खडा, जमीन, वनशेती, परदेशी चलन हे सारे पडदे आहेत. १९२० साली अमेरिकेत बोस्टन येथे चार्ल्स पॉन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊ केला, तेव्हा पडदा टपालाच्या आंतरराष्ट्रीय कुपनांचा होता. तेवढ्या व्यवहाराला पुरतील इतकी कुपने चलनातच नव्हती. हा हिशेब मांडला गेला आणि पडदा गळून पडला.

कार्यकर्त्याने भेद मात्र चुकवू नये. भिशीत दहा जणांनी टाकलेले तेवढेच दहा जणांत फिरते. भरल्यापेक्षा अधिक देण्याचे वचन तेथे नसते. पतसंस्था कर्जे बुडाल्यानेही बुडू शकते. तो दोष वेगळा आणि त्याची तपासणीही वेगळी. येथे विचारायचा प्रश्न एकच आहे : हप्त्याचा पैसा कोणत्या कमाईतून येतो? मानवतच्या बाजारात कापसाचा कोणता व्यापारी भांडवलावर आठवड्याला सहा टक्के, वर्षभर, न चुकता कमावतो? उत्तराऐवजी आजवर हप्ते मिळाल्याच्या पावत्या दाखवल्या गेल्या, तर पहिल्या सोळा आठवड्यांत पावत्या सर्वांकडेच असतात, हे ध्यानी ठेवावे. दर अचानक वाढवला, रोखीने भरणाऱ्याला जादा देऊ केले, किंवा मुद्दल काढण्यासाठी आधी नवा सभासद आणण्याची अट घातली, तर पेटी उतरणीला लागली असे समजावे.

१९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा आणि २०१९ चा अनियंत्रित ठेवी योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा, दोन्हींत मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना परत देण्याची तरतूद आहे. तक्रार अवश्य करावी आणि लवकर करावी. परंतु जप्त होते ते उरलेले. वरच्या उदाहरणात कोणीही चोरी केली नव्हती, तरी एकतिसाव्या आठवड्यात जप्त करण्यासारखे काहीच उरले नव्हते. तक्रारीचा उपयोग पेटीत ७२ लाख असताना होतो. त्या आठवड्यात मात्र तक्रार करायला कोणीच पुढे येत नाही, कारण प्रत्येकाला हप्ता मिळालेला असतो. म्हणून हा हिशेब कापूस घरात येण्यापूर्वी गावोगाव फळ्यावर मांडला गेला पाहिजे.