दुसरा वाचक : पोथीच्या उताऱ्याची ओळीला ओळ रुजुवात

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जुन्या पोथीचे छायाचित्र संगणकावर उघडून तिचा उतारा करण्याचे काम आज अनेक ठिकाणी चालते. उतारा पूर्ण झाला की करणाऱ्यास वाटते, काम संपले. वस्तुतः निम्मे काम तेथून सुरू होते. दुसऱ्या एका वाचकाने तो उतारा छायाचित्राशी ओळीला ओळ लावून ताडून पाहावयाचा असतो. ही रुजुवात कशी घ्यावी आणि ती कोठे फसते, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

या कामाची एक उत्तम शिस्त आपल्या पुण्यातच घडली आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असताना पाठ जुळविण्यासाठी आडव्या-उभ्या रेघा आखलेले कागद वापरीत. वरच्या ओळीत मुद्रित प्रतीतील श्लोक ठळक अक्षरांत लिहावयाचा आणि खाली प्रत्येक पोथीसाठी राखलेल्या ओळीत, त्या त्या अक्षराच्या नेमके खाली, तिचा पाठभेद नोंदवावयाचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंचांची जागा मोकळी असे. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या १९३३ सालच्या प्रस्तावनेत ही पद्धत वर्णिली आहे. तिचे मर्म असे, की नजर अर्थावर न जाता अक्षरावर थांबते. आपल्या रुजुवातीत हेच साधावयाचे आहे.

पहिली अट उतारा करणाऱ्यावर आहे. पोथीत जेथे ओळ संपते तेथेच उताऱ्याची ओळ संपली पाहिजे, शब्द मध्येच तुटला तरी चालेल. प्रत्येक पानाला पत्रांक, पुढची बाजू की मागची, आणि ओळीचा क्रमांक द्यावा. असे केल्यास दुसऱ्या वाचकाला प्रारंभीच एक सोपी परीक्षा घेता येते. प्रत्येक ओळीची पहिली दोन आणि शेवटची दोन अक्षरे तेवढी छायाचित्राशी जुळवावीत. अकरा ओळींच्या पानाला फारसा वेळ लागत नाही. आणि संपूर्ण ओळ गळाली असेल अथवा दोनदा लिहिली गेली असेल, तर ती येथेच सापडते. त्यानंतर ओळींची लांबी पाहावी. छत्तीसच्या आसपास अक्षरे असलेल्या ओळींत एखादी उताऱ्यात सव्वीसच अक्षरांची भरली, तर मधला तुकडा निसटला आहे असे समजावे.

असा तुकडा का निसटतो, याचा माझाच अनुभव सांगतो. कल्पसूत्राच्या एका कागदी पोथीचे पान मी उतरवीत होतो. भगवान महावीरांचा नामोल्लेख करणारा तोच शब्दसमूह त्या पानावर अल्प अंतराने दोनदा आला होता. पहिला लिहून मी मान वर केली, तेव्हा नजर दुसऱ्यावर जाऊन टेकली आणि मधली दहा-अकरा अक्षरे गेली. वाक्य मात्र व्याकरणाने शुद्धच राहिले. मी स्वतः तो उतारा दोन वेळा तपासला होता. दोन्ही वेळा मला काहीही खटकले नाही.

अज्ञानातून होणाऱ्या चुका त्या मानाने गरीब असतात. पडिमात्रेचे उदाहरण घ्या. जुन्या जैन पोथ्यांत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या डावीकडे उभ्या रेघेने दाखवीत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसल्याने ‘जिनदेव’ हा शब्द नवख्याला ‘जिनादव’ असा दिसतो. ‘दे’ची मात्रा मागच्या ‘न’चा काना होऊन बसते. पण ‘जिनादव’ला अर्थ नाही, म्हणून कोणीही तेथे अडखळतो. लबाड चूक ती, जिला अर्थ असतो. जैन नागरीत ‘त्थ’ आणि ‘च्छ’ ही जोडाक्षरे जवळजवळ सारखी लिहिली जातात. प्राकृतात ‘अत्थि’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘अच्छि’ म्हणजे ‘डोळा’. दोन्ही खरे शब्द. अशा ठिकाणी दुसऱ्या वाचकाने त्याच लेखकाच्या हातचे, ज्याविषयी शंका नाही असे ‘त्थ’ आणि ‘च्छ’ अन्य पानांवरून शोधून काढावेत आणि त्यांच्याशी वळण ताडावे. केवळ संदर्भावर निर्णय देऊ नये.

याहून कठीण चूक जाणकाराची. ज्याला सूत्र मुखोद्गत आहे तो पोथी वाचीतच नाही. तो स्मरणातले म्हणतो आणि पोथीवर नजर फिरवितो. पोथीत ‘नमो’ असताना उताऱ्यात ‘णमो’ उतरते, ‘अरहंत’ असताना ‘अरिहंत’ होते. पोथी कोणत्या परंपरेच्या हाताची, याचा एक दुवा अशा एका अक्षरात असू शकतो. आगमपोथ्यांत पूर्वी आलेले वर्णन लेखक ‘जाव’ या एका शब्दाने आवरते घेतो. जाणकार उतारा करताना तेथे नकळत पूर्ण वर्णन भरून देतो. शब्दापुढे पुनरुक्तीसाठी घातलेला २ हा अंकही असाच पूर्ण शब्द होऊन बसतो. आता दुसरा वाचकही तितकाच जाणकार असेल, तर पहिल्याचे स्मरण आणि दुसऱ्याचे स्मरण एकमेकांशी जुळतील. पोथी बाजूलाच राहील. म्हणून मी दुसरा वाचक निवडताना असा पाहतो, की त्याला लिपी उत्तम यावी, भाषा समजावी, पण तो ग्रंथ पाठ नसावा. पंडितांना हे रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. पाठ असलेलाच वाचक मिळाला, तर त्याने पानाच्या शेवटच्या ओळीपासून वरच्या ओळीकडे यावे. प्रवाह तुटतो आणि जीभ पुढे धावत नाही.

एकाने छायाचित्रावरून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने उताऱ्यावर बोट ठेवावे, ही आपली जुनी रीत. गळालेला मजकूर पकडण्यास ती फार चांगली. परंतु आपल्या मराठी जिभेवर ‘श’ आणि ‘ष’ बहुधा एकच होतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पुसट होतो. कानाला न कळणारी चूक कानाने सापडणार नाही. तेव्हा एक फेरी मोठ्याने वाचून झाल्यावर दुसरी फेरी मूकपणे, डोळ्यांनीच व्हावी. मूक फेरीत छायाचित्रावर पट्टी ठेवून एकच ओळ उघडी ठेवावी. तासाभरानंतर थांबावे. माझे डोळे तरी त्यापुढे अक्षर पाहत नाहीत, शब्द पाहू लागतात.

दुसऱ्या वाचकाने उताऱ्यात स्वतः दुरुस्ती करू नये. समासात पेन्सिलीने ओळीचा क्रमांक आणि आपले वाचन लिहावे. मग दोघांनी मिळून ती जागा मोठी करून पाहावी. मूळ लेखकाचीच चूक असेल, तर ती उताऱ्यात तशीच राहील आणि शुद्ध रूप टिपेत जाईल.

कधी दोघांचेही एकमत होत नाही आणि दोष छायाचित्राचा असतो. पोथीलेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहीत. कृष्णधवल छायाचित्रात तो पिवळा रंग कागदात मिसळून जातो. खालचे अक्षर आणि वरचे अक्षर एकमेकांत गुंतून तिसरेच काही दिसू लागते. मी सांगितलेल्या त्या कल्पसूत्रात अशा सात जागा होत्या. प्रथम रंगीत छायाचित्र मागविले. पाच जागा सुटल्या. उरलेल्या दोन जागांसाठी आम्ही दोघे पोथीपाशी गेलो आणि पान खिडकीच्या उजेडात तिरपे धरून पाहिले. एक वाचता आली. दुसऱ्या जागी उताऱ्यात आजही चौकटी कंसात टिंबे आहेत.