ठरावातले तण काढा, पीक उपटू नका

(जिल्हा बैठकीतील भाषण)



गावागावांतून येणारे ठराव लांबलचक असतात. फळ्यावर अख्खा ठराव मावत नाही. मग कुणीतरी शेवटच्या ओळी गाळतो आणि नेमकी तारीख तिथेच असते. म्हणून आज ठराव एक तृतीयांशाने कमी कसा करायचा, तेवढेच सांगतो.

गुलाबी बोंडअळीच्या ठरावाचा असा मसुदा घ्या:

'सध्याची परिस्थिती लक्षात घेता, सर्वांशी सविस्तर विचारविनिमय करून असे ठरविण्यात आले की प्रत्येकाने कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे १५ ऑगस्टपर्यंत लावावेत, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडल्यास गटप्रमुखाला त्याच दिवशी कळवावे.'

हे ३८ शब्द झाले. खोडायला लगेच हात घालू नका. डवरणीआधी तास ओळखतो, तसे आधी ठेवायचे काय ते ओळखा. कुणी, काय, कुठे, किती, कधीपर्यंत, कोणत्या अटीवर, कुणाला कळवायचे, यांखाली रेघ मारा आणि त्या रेघा मोजून कागदाच्या कडेला आकडा लिहा. रेघ नसलेले तेवढे तण. ते काढले की उरते:

'ठरले: प्रत्येकाने कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे १५ ऑगस्टपर्यंत लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग सापडल्यास गटप्रमुखाला त्याच दिवशी कळवावे.'

आता २५ शब्द आहेत. तेरा गेले, पण रेघ मारलेला एकही गेला नाही.

चूक होते ती लहान शब्दांत. 'सलग तीन रात्री' फापटपसारा वाटतो. तो काढला तर एकाच रात्री आठ पतंग दिसले म्हणून माणूस पंप पाठीला लावील आणि फवारणीचा खर्च फुकट जाईल. 'एका सापळ्यात' काढले तर कुणी दोन्ही सापळ्यांची बेरीज करील. '१५ ऑगस्टपर्यंत'चे '१५ ऑगस्टला' झाले तर सगळे त्या दिवसाची वाट पाहत बसतील.

खोडून झाल्यावर रेघा पुन्हा मोजा. आकडा जुळला नाही तर काय गळले ते शोधा. मग बैठकीला नसलेल्या माणसाला कागद वाचायला द्या आणि विचारा, 'तू काय करशील, केव्हा करशील?' तो अडखळला तर तिथला शब्द परत घाला.

मसुद्यात मुळात तारीखच नसेल, तर लिहिणाऱ्याने मनाने घालू नये. बैठकीला विचारावे. आणि सगळ्याच शब्दांखाली रेघ आली, तर तो ठराव तेवढाच राहू द्या. तिथे तण नाही.