फलक आधी फोटोवर लावून बघू
(प्रभाग संघाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुकानाला नवा फलक करायचा म्हटलं की फलकवाला मोबाईलवर नमुना पाठवतो. पडदाभर फलकच दिसतो, झकास वाटतो. पण गिऱ्हाईक त्याला रस्त्यापलीकडून बघणार. म्हणून तो नमुना आधी आपल्याच दुकानाच्या फोटोवर बसवून बघा.

दुकान उघडं असताना, अगदी समोर उभं राहून फोटो काढा. तिरपा काढला तर फलकाचं एक टोक लहान दिसतं आणि सगळं माप चुकतं. पूर्ण दुकान मावत नसेल तर मागे सरका. विजेचा खांब, लोंबत्या तारा, झाडाची फांदी फोटोत येऊ द्या, कारण फलकाच्या आड तीच येणार आहेत. मग तो फोटो ए-फोर कागदावर आडवा छापून घ्या.

आता माप. समजा, आपलं मसाला-पापडाचं दुकान आहे. शटरच्या चौकटीची रुंदी 8 फूट आणि फोटोत ती 16 सेंटीमीटर भरली. म्हणजे 1 फुटाला 2 सेंटीमीटर. 10 बाय 2 फुटांचा फलक म्हणजे कागदाची 20 बाय 4 सेंटीमीटरची पट्टी. ती कापून जागेवर ठेवा. (फलक छज्जाच्या पुढच्या कडेवर येणार असेल तर माप छज्जाचंच धरा. तो पुढे असतो, म्हणून फोटोत मोठा दिसतो.)

पट्टीवर नाव, मोबाईल नंबर, सहा वस्तू आणि पदाधिकाऱ्यांची नावं, सगळं लिहून बघा. वस्तूंची अक्षरं जेमतेम 3 मिलिमीटरची होतील, म्हणजे फलकावर पावणेदोन इंच. साधारण अंदाज असा की 10 फुटांवरून सहज वाचायला 1 इंच उंचीचं अक्षर लागतं. रस्ता 40 फूट असेल तर 4 इंच हवं. आपल्या काना-मात्रा-वेलांटीला वर-खाली आणखी जागा लागते. फोटो भिंतीला लावून अडीच फुटांवर उभ्या राहा. या मापाला ते 40 फुटांवरून बघितल्यासारखंच आहे. जे वाचता येत नाही ते काढा. माझं विचाराल तर पदाधिकाऱ्यांची नावं पहिली जावीत! मराठी नाव मात्र देवनागरीत हवंच, आणि इंग्रजी लिहिलंत तर मराठी अक्षर त्याहून लहान नको, हा कायदा आहे.

रंगासाठी फोटोच्या दोन-तीन प्रती काढून भिंतीवर रंगीत पेन्सिल फिरवा. फलकाची पट्टी भिंतीत मिसळते की उठून दिसते, एवढं त्यातून कळतं. दुकान उघडल्यावर शटर वर गुंडाळलेलं असतं, त्यामुळे त्याच्या भारी रंगावर पैसे घालायचे का, हेही फोटोच सांगतो.

नेमकी छटा मात्र कागदावर कळत नाही, मोबाईलवरही नाही. त्यासाठी छोटा डबा आणून भिंतीवर 2 बाय 2 फुटांचा तुकडा रंगवा, दोन हात द्या. वाळल्यावर सकाळी उन्हात आणि संध्याकाळी दिव्याखाली बघा, मगच मोठा डबा घ्या.