कापडावरच्या लाह्या
(मंडळाच्या पालकसभेत बालविभागातर्फे केलेले भाषण)



आपल्या इंदूरच्या गणेशोत्सवात मुलांसाठी संगीतखुर्ची वर्षानुवर्षे चालत आली आहे. तीत पहिल्या फेरीत बाद झालेले मूल उरलेला सगळा वेळ भिंतीला टेकून बसते, आणि ते बहुधा दर वर्षी तेच असते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही ज्यात कोणी बादच होत नाही असा खेळ घेतला. मोठे कापड सगळ्यांनी कडेने धरायचे, वर हलके चेंडू टाकायचे आणि लाह्या फुटाव्यात तसे ते उडवायचे. परदेशातल्या शाळांत यासाठी पॅराशूटसारखे गोल नायलॉनचे कापड वापरतात. आम्ही ते घरच्या साड्यांचे केले.

पाच सिंथेटिक साड्या लांबीच्या बाजूने एकमेकींना जोडल्या. सुती साडी घेतली नाही, कारण ती जड पडते. शिवणीत थोडे जाऊन सव्वापाच मीटरचा चौकोन झाला. पण चौकोनाचे कोपरे धरणाऱ्या मुलांवर सगळा ताण येतो, म्हणून चारही कोपरे कापून अष्टकोन केला. घेर साडेसतरा मीटरच्या आसपास आला. त्याला २४ मुले नीट पुरतात, प्रत्येकाला पाऊण मीटरला जरा कमी जागा मिळते. कडेला नवार दुमडून शिवली, नाहीतर दुसऱ्या दिवशीच साडी फाटली असती. मधोमध एक भगवे ठिगळ लावले. ते शोभेसाठी लावले होते, पण पुढे तेच सर्वात उपयोगी पडले.

चेंडू स्पंजचे किंवा पोकळ प्लॅस्टिकचे घ्यायचे, टेनिसचा चेंडू नाही. पट्टी मनगटाला गुंडाळू द्यायची नाही. कापडावर कोणी चढायचे नाही. छताचे पंखे बंद, आणि समई दुसऱ्या खोलीत. एवढे नियम पुरे.

आता चेंडू उडतो कसा ते सांगतो. मुलांना वाटते, जोरजोरात हलवले की उडेल. प्रत्येक जण आपापल्या लयीत हलवतो, कापडावर बारीक सुरकुत्या धावतात आणि चेंडू त्यांच्यात लोळत राहतात. खरे तर सगळ्यांनी गुडघ्यापर्यंत खाली जायचे, एकदम वर यायचे आणि छातीशी हात झटकन थांबवायचे. कापड थांबते, चेंडू थांबत नाही, तो वर जातो. म्हणजे उचलण्याइतकेच थांबणेही एकत्र व्हावे लागते.

त्यासाठी आम्ही ‘खाली, वर, थांब’ असे पुकारत होतो. पहिल्याच ‘खाली’ला पाच-सहा मुलांनी कापड तिरपे करून सगळे चेंडू जमिनीवर ओतले. त्यांच्या कानाला ते हिंदीतले ‘खाली’ वाटले, म्हणजे रिकामे करा! दोष त्यांचा नव्हता, घराबाहेर ती दिवसभर हिंदीच बोलतात. दहा मिनिटांनी तीच मुले आमच्या आधी ओरडू लागली आणि तो शब्द मराठीतच ओरडू लागली.

मग वीस चेंडू टाकले. वीस वेळा उडवून निम्मे तरी कापडावर राहायला हवेत, हे सगळ्यांचे मिळून एकच लक्ष्य. पहिल्या खेपेला चारच राहिले. चेंडू पुन्हा पुन्हा एकाच बाजूने पडत होते. तिथे पहिलीतली एक मुलगी उभी होती. “हिच्यामुळे पडतात, हिला काढा,” असा गलका झाला आणि तिने पट्टी सोडून दिली. संगीतखुर्चीतले ते भिंतीशी बसणे इथेही येऊन उभे राहिले होते.

आमच्यातलेही काही जण म्हणाले, राहू दे, लहान आहे ती. पण मधले ठिगळ पाहिले तर ते मध्यावर नव्हते. हातभर पलीकडे, आठवीतल्या दोघांकडे सरकले होते. ते दोघे ताकद लावून कापड आपल्याकडे ओढत होते. त्यामुळे समोरच्या लहानांचे हात पुढे ओढले जाऊन कड खाली जात होती, आणि चेंडू तर उताराकडेच जाणार. चूक एका बाजूला होती आणि चेंडू दुसऱ्या बाजूला पडत होते.

आम्ही कोणाला रागावलो नाही. त्या दोघांना एकमेकांसमोर उभे केले, उंच आणि बुटकी मुले आळीपाळीने लावली आणि मुलीला तिचीच जागा परत दिली. ‘ठिगळ मध्यावर ठेवा’ एवढेच सांगितले. मग मुले चेंडूंपेक्षा ठिगळाकडे पाहू लागली. त्या खेपेला नऊ राहिले, पुढच्या खेपेला तेरा. लक्ष्य गाठल्यावर आठवीतल्या त्या दोघांचे मन मात्र उडाले, हे कबूल करायला हवे. मोठ्यांना हा खेळ पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे धरून ठेवत नाही. त्यांच्यासाठी वेगळे काही लागेल.

या वर्षी मुले जास्त आहेत, दुसरे कापड शिवायचे आहे. तीन साड्या जमल्या आहेत. कोणाकडे जरीकाठ नसलेली जुनी सिंथेटिक साडी असेल तर रविवारी आरतीला येताना घेऊन यावी.