नाकाचा चिमटा

माझ्या भाचीने ऑनलाइन नाकाचा चिमटा मागवला. रोज वीस मिनिटं लावायची. “मामू, फरक दिसतो ना?” काढल्यावर दिसायचाही; तासाभरात नाक पूर्ववत. नाकाचा वरचा भाग हाडाचा, शेंडा कूर्चेचा. कूर्चा दाबली की वाकते, सोडली की परतते. तान्ह्या बाळाची कूर्चा पहिले काही आठवडे मऊ असते, तेव्हा डॉक्टर तिला वळण देऊ शकतात, विशीत नाही. मग उरतो लाल वळ, कधी जखम.

तिच्या भावाने जबड्यासाठी चावायचा रबरी गोळा आणला. त्याने चावण्याचा स्नायू फुगतो, हाड तसंच राहतं. म्हणजे झालाच तर चेहरा रुंद! महिन्याभरात कानापुढचा सांधा कटकट वाजू लागला, जांभई देताना दुखू लागला. गोळा आता मांजराकडे आहे.